फुल मॅरेथॉनआधीचे तीन आठवडे आणि ‘अजून एक छत्तीस’

जानेवारीत मुंबईची ४२ किलोमीटरची फुल मॅरेथॉन झाली. पण बारा आठवड्यांच्या तयारीत माझं डोकं सगळ्यात जास्त कशानं खाल्लं असेल तर शेवटच्या तीन आठवड्यांनी. म्हणजे टेपरनं. धावायचं कमी करायचं आणि वाट बघायची, एवढंच काम. पण आजूबाजूचे लोक ते सुखानं करू देत नाहीत. अजून राग गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

आधीचे नऊ आठवडे थोडक्यात सांगते, कारण तिथे काही अडलं नाही. सुरुवात आठवड्याला ३८ किलोमीटरनं केली आणि रविवारचा लाँग रन १६ चा होता. तेवढं आधीपासून जमत असेल तरच बारा आठवड्यांचा प्लॅन घ्यावा, नाहीतर सोळा-अठरा आठवड्यांचा घ्यावा. पहिले तीन आठवडे दर आठवड्याला चार-चार किलोमीटर वाढवले, चौथ्यात ४६ वरून थेट ३४ वर आले. पुन्हा तीन आठवडे चढत ५८ पर्यंत, आठव्यात ४२. नवव्यात सगळ्यात जास्त, म्हणजे ६२, आणि त्यातच ३२ चा लाँग रन. चौथा आणि आठवा हे रिकव्हरीचे आठवडे. तेव्हा आठवड्याचं अंतर साधारण पाव भागानं उतरतं, म्हणून आधीच्या तीन आठवड्यांचा ताण स्नायूंना आणि हाडांना पचवता येतो. दम लवकर वाढतो, पण नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर त्या वेगानं तयार होत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडनं सोमेश्वरच्या पुढे जायचं, उलटं फिरायचं आणि येताना मिसळ, असे ते रविवार मजेत गेले.

खरी कटकट ३२ झाल्यावर सुरू झाली. आमच्या ग्रुपनं पुढच्या रविवारी त्र्यंबकपर्यंत जाऊन थोडं आणखी फिरून छत्तीस करायचे ठरवले. मी नाही म्हटलं. मग सुरू झालं. “ताई, एक छत्तीस तर झालंच पाहिजे. बत्तीसवर फुल कशी मारणार?” फोनवर तेच, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तेच. ज्यांनी चार-पाच फुल केल्यात तेही तेच म्हणत होते, म्हणून जास्त चीड आली.

त्यांना जे सांगत होते तेच इथे लिहिते. आज केलेल्या मोठ्या रनचा फायदा शरीरात उतरायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. थकवा मात्र त्याच दिवशी येतो आणि इतक्या लांब रनचा असेल तर बरेच दिवस रेंगाळतो. म्हणजे रेसच्या दोन आठवडे आधी छत्तीस केले तर फायदा जेमतेम पदरात पडणार आणि थकवा घेऊन स्टार्ट लाइनवर उभं राहावं लागणार. उलट कमावलेला दम दोन-तीन आठवडे कमी धावल्यानं जात नाही, मात्र वेग पूर्ण सोडायचा नाही. थकवा झपाट्यानं उतरतो आणि दम हळू उतरतो, या फरकावरच टेपर उभा आहे.

म्हणून कमी काय करायचं हे नीट समजून घ्या. अंतर कमी करायचं, वेग नाही, आणि धावण्याचे दिवसही फारसे कमी करायचे नाहीत. माझे आठवडे ६२ वरून ४५, मग ३३, आणि रेसच्या आठवड्यात रेस सोडून १८ असे उतरले. रविवारचे रन २१ आणि १४. मंगळवारी मी एक-एक किलोमीटरचे सहा तुकडे ५:४५ च्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं पंचेचाळीस सेकंद, असे करायची, ते आधी चार केले, मग तीन, पण पेस तोच. रेसला ६:३५ चा पेस धरायचा होता, म्हणून गुरुवारच्या रनमध्ये तीन-चार किलोमीटर त्याच पेसनं. सगळंच रमतगमत धावलात तर पाय सुस्त पडतात, आणि मग “टेपरनं माझं वाटोळं केलं” असं लोक म्हणतात.

टेपरच्या पहिल्या आठवड्यात पाय जडच लागले. ते होतं. दुसऱ्यात मात्र दुखणी निघाली. मंगळवारी डावा गुडघा, गुरुवारी उजवा घोटा, शनिवारी पोटरी. स्वयंपाक करताना ओट्याशी उभी राहून अंगठ्यानं नडगी दाबून बघायची. ग्रुपमधल्या एकानं लगेच निदान केलं, “धावणं कमी केलंत ना, म्हणून आखडलंय.” माझ्या फिजिओनं सांगितलेली परीक्षा जास्त उपयोगी पडली. दुखणं जागा बदलत असेल, पहिल्या किलोमीटरनंतर विरत असेल, तर घाबरायचं कारण नाही. एकाच बिंदूवर बोट ठेवून दाखवता येत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, धावताना वाढत असेल, किंवा त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांकडे जायचं. नडगीच्या हाडाला चीर पडली असेल तर ती अशीच कळते. माझी सगळी दुखणी पहिल्या प्रकारची निघाली.

वजनही किलोभर वाढलं. स्नायूंत साखर साठते तेव्हा तिच्यासोबत सुमारे तिप्पट पाणी साठतं, त्याचंच ते वजन. ते बघून जेवण तोडू नका. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर मुद्दाम भात, पोळी, बटाटा वाढवायचा. तेल, तिखट आणि उसळी कमी. मिसळ रेसनंतर.

एक आधीच सांगायला हवं होतं. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेची थंडी आणि मुंबईची दमट हवा यांत फार फरक आहे. मी शेवटच्या आठवड्यांत छोटे सोपे रन सकाळी उशिरा, ऊन चढल्यावर केले. त्यानं पूर्ण सवय होत नाही, पण घाम किती जातो आणि पाणी किती लागतं ते कळतं. पेस मात्र पहाटेच्या थंडीतला बघून ठरवू नका. मी पहिले दहा किलोमीटर ठरल्यापेक्षा पाच-सात सेकंद हळूच ठेवले.

आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला मुंबईत प्रत्यक्ष जावं लागतं. पंचवटी एक्सप्रेसनं दोन दिवस आधी गेले, बिब घेतला, स्टॉलवर रेंगाळले नाही. आदल्या दिवशी तीन-चार तास उभं राहणं म्हणजे टेपरवर पाणी.

रेसमध्ये पेडर रोडचा चढ येतो तो शेवटी-शेवटी, पाय संपत आलेले असताना. तिथे अनेक जण चालत होते, त्यात आमच्या ग्रुपमधले छत्तीसवाले दोघं होते. मी बारीक पावलं टाकत न थांबता चढले आणि चार तास चाळीस मिनिटांच्या आत सीएसएमटीला पोचले. याचा मला अभिमान आहे. पुढच्या वर्षीही ३२ वरच थांबणार आहे, आणि दहाव्या आठवड्यापासून ग्रुपचे मेसेज म्यूट करणार आहे.