अल्ट्रावाइड लॉग: गाडी १०० वरच का अडली?

सध्याचा सेटअप असा: जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, २४ इंची फुल एचडी मॉनिटर आणि १२० सेंटीमीटर रुंदीचं टेबल. राजारामपुरीत ओळखीतल्या एकाकडे ३४ इंची अल्ट्रावाइड सेकंडहँड मिळत होता, ३४४० × १४४०, १४४ हर्ट्झ. पैसे मोजायच्या आधी कार्डाला तो झेपेल का, हे घरीच बघून घ्यायचं ठरवलं.

खरेदीआधी

हा प्रयोग जुन्या मॉनिटरवरच होतो. NVIDIA Control Panel मध्ये Manage 3D settings उघडून `DSR - Factors` मध्ये 2.25x वर टिक केली. मग गेमच्या सेटिंगमध्ये २८८० × १६२० हे रेझोल्यूशन दिसायला लागतं. स्क्रीन तीच, पण कार्ड प्रत्येक फ्रेमला ४६.७ लाख पिक्सेल काढतं. अल्ट्रावाइडचे होतात ४९.५ लाख, म्हणजे जवळपास तेवढंच ओझं. फुल एचडीचे जेमतेम २०.७ लाख असतात.

माझ्या रेसिंग गेममध्ये हाय सेटिंगला सेकंदाला ८४ फ्रेम मिळायच्या, त्या ४५ वर आल्या. सावल्या आणि रिफ्लेक्शन मीडियमवर आणल्यावर ६० च्या आसपास स्थिरावल्या. मला तेवढं पुरतं. नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला पुरणार नाही, त्याने हा आकडा बघूनच पाकीट उघडावं.

शनिवार

मॉनिटर रिक्षात मांडीवर घेऊन आणला. डिस्प्लेपोर्टची केबल मालकाने कधीच हरवली होती, म्हणून एचडीएमआय लावली. चित्र झकास आलं, पण Windows च्या Advanced display मध्ये जास्तीत जास्त १०० हर्ट्झच दिसत होते! मित्र बघायला आलेला. "भावा, कार्डच दमलंय तुझं," म्हणाला. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण गेम बंद होता, नुसता डेस्कटॉप होता. त्यात कार्ड दमायचं कारणच नाही. अडचण आत नव्हती, बाहेर जाणाऱ्या वाटेत होती. गणित मांडलं: ४९.५ लाख पिक्सेल, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला १४४ वेळा. सेकंदाला सुमारे १७.१ गिगाबिट झाले, आणि दोन फ्रेममधला मोकळा वेळ धरला की अजून थोडे. एचडीएमआय २.० मधून चित्रासाठी हाताशी येतात १४.४ गिगाबिट. १०० हर्ट्झला मोकळा वेळ वगळून ११.९ लागतात, ते बसतात. माझ्या कार्डाचा डिस्प्लेपोर्ट १.४ आहे, त्यात २५.९ पर्यंत जागा आहे. म्हणजे कार्डाला १४४ जमत होतं, मी वाट चुकीची धरली होती.

(वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावली नाही ना, हे आधी बघून घेतलं. मागच्या वर्षी एका दोस्ताने दोन आठवडे तसंच खेळून कार्डाला शिव्या घातल्या होत्या.)

सोमवार

भावाच्या ऑफिसातून डिस्प्लेपोर्टची तीन मीटरची जुनी केबल आणली. यादीत १४४ दिसलं, निवडलं आणि खूश झालो. दहा मिनिटांनी स्क्रीन सेकंदभर काळी पडून परत आली. मग पुन्हा. गेम चालू असो वा नसो, काळं पडणं तसंच.

इथे एक साधी कसोटी आहे. रिफ्रेश रेट १२० वर आणला आणि तासभर काम केलं, एकदाही पडदा गेला नाही. परत १४४ केलं की खेळ सुरू. वेग कमी केल्यावर दोष गेला म्हणून संशय केबलवर ठेवला. ड्रायव्हर पुन्हा टाकत बसलो नाही.

बुधवार

दीड मीटरची, DP8K असं छापलेली नवी केबल लावली. १४४ वर तीन संध्याकाळी झाल्या, काळं पडणं बंद. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ वर ठेवलेली असू शकते, तीही बघा. माझी १.४ वर होती. Advanced display मध्ये `Desktop mode` सोबत `Active signal mode` पण वाचायचं. पहिलं Windows काय रंगवतंय ते सांगतं, दुसरं वायरीतून खरंच काय जातंय ते. दोन्ही ३४४० × १४४० आणि १४४ दाखवत होते.

खऱ्या मॉनिटरवर तोच गेम मीडियम सावल्यांवर ५६ ते ५८ फ्रेम देतो. आधीच्या अंदाजापेक्षा थोडं कमी. पिक्सेल जरा जास्त आहेत, शिवाय बाजूचा रस्ता, झाडं वगैरे जास्तीचा देखावाही काढावा लागतो.

टेबलाचं राहिलंय

अल्ट्रावाइड ८१ सेंटीमीटर, जुना २४ इंची ५४. बेरीज १३५, टेबल १२०. म्हणून जुना उभा केला, Display orientation मध्ये Portrait. आता तो ३२ सेंटीमीटरच घेतो आणि एचडीएमआयवर ६० हर्ट्झला गप चालतो. चॅट आणि गेमचा नकाशा त्यावर. फक्त त्याचं स्टँड फिरत नाही, सध्या भिंतीला टेकवून दोन डिक्शनऱ्यांवर उभा आहे. मागे ७५ मिलिमीटरची भोकं आहेत, त्या मापाचा आर्म शोधतोय.