स्लिमब्रिजचे दोन दिवस: फ्लेमिंगोच्या पिल्लाला मिळणारे लाल दूध

फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित पक्षी, पिल्लाला दूध पाजतो आणि ते दूध लाल असते, हे वाचल्यापासून ते एकदा जवळून पाहावे अशी इच्छा होती. मोकळ्या निसर्गातल्या वसाहतीत ते जवळून पाहता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये, कारण माणसाची चाहूल लागली तर संपूर्ण वसाहत अंडी टाकून उडून जाऊ शकते. म्हणून पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या खाडीजवळ सुरू केलेले स्लिमब्रिजचे पाणपक्षी केंद्र आम्ही निवडले. फ्लेमिंगोंच्या सहाही जाती सांभाळलेले ठिकाण म्हणून त्याची ख्याती आहे. जुलैचे दोन दिवस आम्ही मुख्यतः कॅरिबियन फ्लेमिंगोंच्या थव्यासमोर काढले.

पहिल्याच सकाळी लक्षात आले की या थव्यात सगळे पक्षी एका रंगाचे नाहीत. पाण्यात चोच बुडवून फिरणारे काही पक्षी पिकल्या टोमॅटोसारखे लालभडक होते, तर ज्यांच्या पायाशी पिल्लू होते त्यांतले कित्येक फिकट, धुतल्यासारखे दिसत होते. जात तीच आणि अन्नही तेच, मग हा फरक कशाने पडतो?

फ्लेमिंगोला हा रंग स्वतःच्या शरीरात घडवता येत नाही. खाऱ्या पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्मजीव कॅरोटिनॉइड गटातली रंगद्रव्ये तयार करतात, आर्टेमियासारखे बारीक कोळंबीवर्गीय जीव ती खातात आणि फ्लेमिंगो या दोन्हींना चोचीतल्या गाळणीने पाण्यातून वेगळे करून गिळतो. त्यानंतर यकृतात या द्रव्यांवर प्रक्रिया होते, त्यातून कॅन्थाझँथिनसारखी लाल-गुलाबी द्रव्ये बनतात आणि ती रक्तातून कातडीत व उगवत्या पिसांत पोहोचतात. पाळलेल्या थव्यांच्या खाद्यात हे द्रव्य मुद्दाम मिसळावे लागते. ते नसेल तर जुनी पिसे झडून नवी येताना पक्षी पांढुरका होत जातो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आई-बापांचा सगळा गुलाबी रंग पिल्लाच्या पोटात जातो, असे बऱ्याचदा लिहिले जाते. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे. पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते, त्यामुळे त्यात एकदा बसलेला रंग पुन्हा रक्तात येत नाही. पिल्लाच्या काळात खाण्यातून येणाऱ्या रंगद्रव्याचा मोठा वाटा दुधाकडे वळतो, त्यामुळे पाय, कातडी आणि नव्याने येणारी पिसे यांच्या वाट्याला कमी उरते. आधीच्या पिसांचा रंग उन्हाने उडतो तो वेगळाच. ग्रेटर फ्लेमिंगोंवर स्पेनमध्ये झालेल्या अभ्यासातून आणखी एक कारण पुढे आले आहे: हे पक्षी शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतले रंगद्रव्ययुक्त तेल मानेवर आणि पाठीवर चोळतात, जोडीदार शोधण्याच्या दिवसांत ते अधिक वेळा चोळतात आणि पिल्ले झाल्यावर ते काम मागे पडते, म्हणून वरचा तजेला उतरतो.

आम्ही एकाच जोडीवर नजर ठेवली. चिखलाच्या बुटक्या उतरंडीसारख्या घरट्यावर जेमतेम दोन-तीन दिवसांचे, राखाडी-पांढऱ्या लवीचे पिल्लू होते. त्याची चोच सरळ होती. आई-बापांसारखी मधोमध वाकलेली नव्हती. बराच वेळ ते पालकाच्या पंखाखाली दडून होते आणि पंखाच्या कडेतून फक्त डोके बाहेर येत होते. मग त्याने बारीक, सलग किणकिण सुरू केली. पालकाने मान खाली वाकवून चोचीचे टोक पिल्लाच्या चोचीला लावले आणि दुर्बिणीतून गडद लाल थेंब स्पष्ट दिसला. तो लगेच गळून पडला नाही; थोडा ताणला गेला आणि मग पिल्लाच्या चोचीत उतरला. असे थेंबामागून थेंब जात राहिले. काही वेळाने दुसरा पालक शेजारी आला आणि त्यानेही तेच केले. आमच्या बाजूला उभ्या असलेल्या एका मुलाने पक्ष्याला जखम झाली का, असे विचारले. त्याचे चुकले नव्हते, कारण ते दृश्य खरोखरच रक्तासारखे दिसते.

या द्रवाला क्रॉप मिल्क म्हणतात. क्रॉप म्हणजे पक्ष्याच्या गळ्याखालची अन्न साठवण्याची पिशवी. मात्र फ्लेमिंगोच्या बाबतीत हे दूध त्या पिशवीपुरते मर्यादित नसून अन्नमार्गाच्या वरच्या भागातल्या ग्रंथींतून पाझरते. ते नर आणि मादी दोघांनाही येते आणि त्यामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक असते, जे सस्तन प्राण्यांमध्येही दूध निर्माण करते. त्यात सुमारे १५ टक्के स्निग्धांश आणि ८ ते ९ टक्के प्रथिने असतात, शर्करा जवळजवळ नसते. लाल रंग मुख्यतः कॅन्थाझँथिनचा असतो.

इतके लाल दूध पिऊनही पिल्लू राखाडीच राहते. रंगद्रव्य त्याच्या यकृतात साठते, पिसांत उतरत नाही, आणि अंगभर गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दूध मात्र त्याला टाळता येत नाही, कारण पाणी गाळून खाण्यासाठी लागणारी वाकडी चोच आणि तिच्यातली जाळी तयार व्हायलाच दोन-अडीच महिने लागतात.

दूध येण्यासाठी स्वतःचेच पिल्लू असावे लागते असेही नाही. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात स्लिमब्रिजच्या अँडियन फ्लेमिंगोंनी अनेक वर्षांनंतर अंडी घातली, पण ती फलित नव्हती. तेव्हा त्यांना चिलियन फ्लेमिंगोंची पिल्ले सांभाळायला देण्यात आली आणि त्यांनी ती सांभाळली.

मागून जाणाऱ्यांनी जून अखेर ते ऑगस्ट हा काळ धरावा. मात्र अंडी घालण्याची वेळ हवामानानुसार पुढे-मागे होते, म्हणून निघण्यापूर्वी पिल्ले आली आहेत का हे केंद्राला विचारून घ्यावे. पक्ष्यांच्या साथीच्या काळात काही भाग बंद असू शकतात, तेही त्याच वेळी कळेल. आठपट दुर्बीण पुरेशी होते, पण पावसाच्या सरी अचानक येत असल्याने काचा पुसायला कोरडे कापड हवेच. फ्लॅश वापरू नये.

थव्यावर भराभर नजर फिरवल्यास दूध पाजणे हमखास निसटते. एक फिकट पक्षी आणि त्याच्याजवळचे एक पिल्लू निवडून किमान तासभर तेथेच थांबावे, आणि किणकिण ऐकू आली की पालकाच्या चोचीच्या टोकावर दुर्बीण स्थिर करावी. केवळ चोचीला चोच लागली म्हणजे पाजणे झाले असे समजू नये. पिल्ले बऱ्याचदा नुसतीच पालकाला टोचत असतात. लाल थेंब किंवा पिल्लाच्या चोचीला लागलेला लाल ओघळ दिसला, तरच नोंद करावी. पहिल्या दिवशी आम्ही सहा वेळा पाजल्याची नोंद केली होती. संध्याकाळी छायाचित्रे मोठी करून पाहिली तेव्हा त्यांतल्या चारच खऱ्या ठरल्या.

पिल्लू आठवड्याभराचे होऊन घरट्यावरून उतरले की दृश्य बदलते. दुसऱ्या दुपारी असे एक मोठे पिल्लू पालकाच्या पुढ्यात, त्याच्याकडे पाठ करून उभे होते आणि पालक त्याच्या डोक्यावरून मान खाली आणून पाजत होता. जवळच बरीच पिल्ले घोळक्याने उभी होती. त्यांतले दुसरे एक पिल्लू ओरडत पुढे आले, तेव्हा पालकाने चोचीने त्याला बाजूला सारले. आई-बाप आपले पिल्लू आवाजावरून ओळखतात, आणि आम्हाला सगळे आवाज सारखेच वाटत असताना त्या पक्ष्याचे एकदाही चुकले नाही.