आमची वाटचाल : मालाच्या यादीत लॉट आणि तारीख कशी आली

आमचा धंदा थंड ठेवायच्या मालाचा, क्रीम, चीज असलं सगळं, लहान फर्म आहे आणि सुरुवातीपासून यादी आम्हीच शीटवर ठेवतो. पहिली यादी सगळ्यांची असते तशीच होती, एका मालाला एक ओळ आणि पुढे एकूण नग. टिकाऊ मालाला ती पुरते पण नाशवंत मालाला अजिबात नाही, कारण ७५ पॅक आहेत एवढं कळतं पण त्यातले किती कधी संपणार ते कळत नाही.

त्या काळात नियम एकच होता, आधी आलेला माल आधी बाहेर. ऐकायला बरोबर वाटतो आणि माल नेहमी ताजाच येत असेल तर चालतोही. पण पुरवठादाराकडेसुद्धा वेगवेगळे लॉट पडलेले असतात, कधी तो दुसऱ्या गोडाऊनमधून पाठवतो, मग आज आलेल्या मालाची तारीख मागच्या आठवड्यातल्या मालाच्या आधीची निघते. म्हणून आम्ही फेफोवर आलो, म्हणजे ज्याची एक्स्पायरी आधी तो आधी बाहेर, तो कधी आला याला दुसरं स्थान. दोन लॉटची एक्स्पायरी एकच असेल तेव्हाच कुठला आधी आला ते बघायचं.

आणि हा नियम पाळायचा तर यादीचा आकारच बदलावा लागतो. एक ओळ म्हणजे एक माल नाही, एक ओळ म्हणजे एका मालाचा एक लॉट. क्रीमचे तीन लॉट असतील तर क्रीमच्या तीन ओळी. समजा आज १० मार्च आहे, तर यादी अशी दिसते :

| लॉट | आला | एक्स्पायरी | नग |
|---|---|---|---|
| ब | ४ मार्च | १९ मार्च | १५ |
| अ | १ मार्च | २८ मार्च | २० |
| क | ८ मार्च | २ एप्रिल | ४० |

बघा, अ आधी आलाय पण ब वर आहे. जुन्या नियमाने आपण अ संपवत बसलो असतो आणि ब मागे राहिला असता.

इथपर्यंत सोपं आहे, खरी गंमत पुढे आहे आणि मला वाटतं बहुतेक यादीत हेच नसतं. प्रत्येक गिऱ्हाईक सारखं नसतं. मोठा गिऱ्हाईक म्हणतो माल माझ्या दारात पोचेल तेव्हा किमान १४ दिवस शिल्लक पाहिजेत, नाहीतर परत. छोटा म्हणतो ३ दिवस असले तरी चालेल, माझ्याकडे लगेच उठतो. वाटेत एक दिवस जातो तो पण धरायचा, म्हणजे मोठ्यासाठी एक्स्पायरीच्या १५ दिवस आधी माल निघाला पाहिजे आणि छोट्यासाठी ४ दिवस आधी. आता ब लॉट मोठ्याला शेवटचा कधी जाऊ शकत होता? १९ मधून १५ गेले, ४ मार्च, म्हणजे तो आपल्याकडे आला त्याच दिवशी! छोट्याला मात्र तो १५ मार्चपर्यंत जातो. अ मोठ्याला १३ मार्चपर्यंत जातो आणि क १८ मार्चपर्यंत.

म्हणून नुसते "शिल्लक दिवस" दाखवणारा रकाना मला अर्धवट वाटतो. ९ दिवस शिल्लक असं वाचलं की माणूस निवांत होतो, पण मोठ्या गिऱ्हाईकासाठी तो लॉट केव्हाच बाद झालेला असतो. त्यापेक्षा "शेवटची पाठवणी" असा तारखेचा रकाना ठेवा, प्रत्येक प्रकारच्या गिऱ्हाईकासाठी एक, आमच्याकडे दोनच आहेत आणि दोन पुरतात. ऑर्डर घेतानाही तोच बघायचा, कारण एकूण ७५ असले तरी मोठ्याला द्यायला आज ६०च आहेत, त्याला ७० कबूल केले तर अडकलोच.

आता समजा आज दोन ऑर्डर आल्या, मोठ्याची २५ ची आणि छोट्याची १० ची. मोठ्याला ब चालत नाही म्हणून तो सोडून पुढचा, अ चे २० आणि क चे ५. छोट्याला ब चे १०. संध्याकाळी ब चे ५ आणि क चे ३५ उरतात, आणि ते ५ पॅक १५ मार्चपर्यंत छोट्यांकडे खपवायचे हे लगेच दिसतं. म्हणजे नियम असा झाला की ह्या गिऱ्हाईकाला चालणाऱ्या लॉटपैकी सगळ्यात आधी संपणारा द्या. नुसतं सगळ्यात आधी संपणारा द्या म्हटलं तर ब मोठ्याकडे जाऊन परत येतो आणि येण्याजाण्यात त्याचे दिवस अजून कमी होतात.

शीटमध्ये हे एका फॉर्म्युल्यात होतं. यादीच्या शीटचं नाव Stock, तिच्या ए मध्ये माल, बी लॉट, सी आला, डी एक्स्पायरी, ई नग, एफ स्थिती आणि जी मध्ये रॅकची जागा, आणि दुसऱ्या शीटवर जे१ मध्ये मालाचं नाव, जे२ मध्ये १५ किंवा ४ :

```
=SORT(FILTER(Stock!A2:G200,(Stock!A2:A200=J1)*(Stock!E2:E200>0)*(Stock!F2:F200<>"थांबा")*(Stock!D2:D200>=TODAY()+J2)),4,1)
```

ह्यातून त्या गिऱ्हाईकाला चालणारे लॉट एक्स्पायरीच्या क्रमाने येतात, वरून उचलत जायचं. एकही लॉट बसत नसेल तर एरर दिसते, तेव्हा घाबरू नका, त्याचा अर्थ देण्यासारखा माल नाही एवढाच.

पण एक गोष्ट नक्की तपासा, तारीख खरी तारीख आहे की नुसती अक्षरं. कोणी बिंदू देऊन किंवा वेगळ्या पद्धतीने टाइप केली की शीट तिला मजकूर समजते, आणि मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, त्यामुळे तो लॉट गाळणीतून पास होतो आणि यादीत सगळ्यात खाली जाऊन बसतो, त्याला कोणी हात लावत नाही आणि तो तिथेच संपतो. ओळखायचं कसं तर खरी तारीख आपोआप उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. शंका वाटली तर शेजारी `=ISNUMBER(D2)` टाका, FALSE आलं की ती ओळ दुरुस्त करा.

स्थितीचा रकाना कशाला? फेफो असं गृहीत धरतो की सगळे लॉट सारखेच थंड राहिलेत. कूलर बंद पडला किंवा गाडीत माल तापला तर छापलेल्या तारखेवर भरवसा ठेवता येत नाही, अशा लॉटसमोर "थांबा" लिहायचं आणि तपासून निर्णय होईपर्यंत तो यादीबाहेर. एक्स्पायरी पुढची आहे म्हणून तो चांगला असं समजू नका.

आणि शेवटी माल उचलणारा माणूस यादी बघून नाही तर हाताला येईल तो डबा उचलतो, हे सगळीकडेच असतं. म्हणून जागेचा रकाना आहे, आणि नवीन माल लावताना तारीख बघून आधी संपणारा पुढे ओढायचा, मग तो आज आलेला का असेना. उचलल्यावर प्रत्यक्षात कुठला लॉट गेला तोच नंबर लिहायचा, यादीने सांगितलेला नाही, कारण ब ऐवजी अ उचलला आणि ब कमी केला तर एकूण आकडा बरोबर राहतो आणि दोन्ही ओळी चुकतात, एकूण मोजणीत हे कधीच सापडत नाही. त्यामुळे आमच्याकडे मोजणी लॉटप्रमाणेच होते, आणि सुरुवात ज्याची शेवटची पाठवणी सगळ्यात जवळ आहे त्या लॉटपासून.