जेल, स्प्रे आणि खडू: झुरळांच्या औषधाचं नाव मिळवताना गेलेले पाच दिवस

शनिवारी दुपारी पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला आणि त्याने काय फवारलं ते मला बुधवारी संध्याकाळी कळलं. हे पाच दिवस मी विसरूच शकत नाही. घरात अकरा महिन्यांची रांगणारी मुलगी आहे, तीन वर्षांची मांजर आहे, आणि पैसे मोजून बोलावलेल्या माणसाच्या बाटलीत काय होतं हे सांगायला त्यांच्या ऑफिसात कुणी तयार नव्हतं.

आमचा डोंबिवलीतला तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट. झुरळं छोटी, फिकट तपकिरी, मानेवर दोन गडद पट्टे असलेली. ही मोरीतून येणारी मोठी झुरळं नव्हेत. ही स्वयंपाकघरातच राहतात, फ्रिजच्या मागे, ट्रॉलीच्या रुळात, बिजागरीच्या फटीत. मादी अंड्यांची डबी पोटाला चिकटवून हिंडते आणि एका डबीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात. मोठ्या झुरळांसाठी मोरीला बारीक जाळी बसवली की बरंच काम होतं, छोट्यांसाठी त्याचा काही उपयोग नाही. आधी आपल्याकडे कोणतं झुरळ आहे ते बघा, औषध नंतर.

सासूबाई वर्षानुवर्षं खडू वापरत आल्या. दिवाळीच्या सफाईनंतर ओट्याखाली, दाराच्या चौकटीशी रेघा ओढायच्या. मारतो तो, खोटं नाही. झुरळ रेघेवरून गेलं की पायाला भुकटी लागते आणि थोड्या वेळाने उलटं पडतं. पण मुलगी रांगायला लागल्यावर एके दिवशी तिचा तळवा पांढरा दिसला. बोटं तोंडात जायच्या आत मी तिला उचललं आणि साबणाने हात धुतले. खडूतही डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशकच असतं. ते भुकटीच्या रूपात, जमिनीवर, अगदी रांगत्या मुलाच्या उंचीला पसरतं. शिवाय दिसायला ते पाटीवरच्या खडूसारखंच. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच उरलेले खडू गुंडाळून बाहेर टाकले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, कारण पंचवीस वर्षांची सवय त्यांनी एका मिनिटात सोडली.

म्हणून मी पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन केला. बाळ आहे, मांजर आहे, फक्त जेल लावा, असं दोनदा सांगितलं. “हो मॅडम, हर्बल असतं, वासही येत नाही.” मुलगा आला, दहा मिनिटांत जेलचे ठिपके लावले, आणि मी मुलीला झोपवायला आत गेले तेवढ्यात ओट्याखाली, फ्रिजमागे, ट्रॉल्यांच्या आत स्प्रेही मारून मोकळा झाला. कार्डावर सही घेतली. कार्डावर लिहिलेलं: “जेल + स्प्रे, पुढची सर्व्हिस १५ दिवसांनी.” औषधाचं नाव कुठेच नाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला मांजर फ्रिजमागून बाहेर आली आणि पंजे चाटत बसली. आठ वाजता तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. कान सारखे फडफडत होते आणि पाठीवरची कातडी लहरीसारखी थरथरत होती. आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “औषध कोणतं?”

हा प्रश्न का महत्त्वाचा ते त्यांनी मला नीट समजावलं. डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन ही एका गटातली औषधं. मांजरीचं यकृत ती फोडून बाहेर टाकायला फार कमकुवत असतं, म्हणून माणसाला किंवा कुत्र्याला सोसेल ते मांजरीला सोसत नाही. त्यावर उतारा नाही. अंगावरचं धुवायचं, थरथर थांबवायची, अंग ऊबदार ठेवायचं, वाट बघायची. पण क्लोरपायरिफॉससारखं दुसऱ्या गटातलं असेल तर त्यातही लाळ गळते आणि अंग थरथरतं, मात्र तिथे अॅट्रोपिनचं इंजेक्शन कामाला येतं. लक्षणं बघून डॉक्टर अंदाज बांधतात, पण डबीवरचं नाव मिळालं की अंदाजावर राहावं लागत नाही.

मी तिथूनच ऑफिसला फोन लावला. शनिवारी रात्री कुणी उचलला नाही. रविवारी उचलला, म्हणाले तक्रार नोंदवा. मी म्हटलं, तक्रार नाही, नाव हवंय. तक्रार क्रमांक आला. सोमवारी एक बाई म्हणाल्या, “मॅडम, आमचं औषध सरकारमान्य आहे, काही होत नाही.” अहो, सरकारमान्य म्हणजे त्याच्या डबीवर नाव आणि प्रमाण छापलेलं असतंच! तेच वाचून दाखवा, एवढंच मागत होते मी. मंगळवारी सुपरवायझर म्हणाले, नाव देणं कंपनीच्या धोरणात बसत नाही, हवं तर पुढची सर्व्हिस फुकट देतो. त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. घरात आजारी पडलेल्या जिवासाठी विचारते आहे आणि हा मला अजून एक फवारणी देऊ करतो.

डॉक्टरांनी नावाची वाट पाहिली नव्हती. लक्षणांवरून त्यांनी पहिल्या गटाचंच धरलं होतं. भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात मांजरीला अंघोळ घातली, थरथर कमी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि दोन रात्री ठेवून घेतलं. सोमवारी ती घरी आली, मंगळवारी जेवली. तोवर मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती, एक फळी आडवी लावली होती.

शेवटी नाव दिलं त्या फवारणाऱ्या मुलानेच. बुधवारी संध्याकाळी त्याने स्वतःच्या फोनवरून दोन डब्यांचे फोटो पाठवले आणि लिहिलं, “ताई, मला माहीत नव्हतं मांजरीला चालत नाही.” स्प्रे डेल्टामेथ्रिन २.५ टक्के, पाण्यात मिसळून मारलेला. जेल फिप्रोनिल ०.०५ टक्के. मी त्याला मनापासून धन्यवाद दिले. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम ठरला: औषधाचा माणूस दारात आला की आधी डबीच्या लेबलचा फोटो, मग बाकीचं. लेबलवर रंगीत त्रिकोणही असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, आणि सगळ्यात कमी हिरवा. फोटो घेऊ दिला नाही तर परत पाठवा. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेसाठी चोवीस तास माहिती केंद्र आहे, त्यांचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. फोन केलात तरी तेही नाव आधी विचारतील. आणि पोटात गेलंय असं वाटलं तर स्वतःहून उलटी करवू नका.

नाव हातात आल्यावर दुसरी गोष्ट उलगडली. चार दिवस झाले तरी झुरळं तशीच फिरत होती आणि जेलचे ठिपके जसेच्या तसे होते. कारण सरळ आहे. जेल म्हणजे खाऊ. झुरळाने ते आवडीने खायचं, आपल्या फटीत जायचं आणि तिथे मरायचं. मग पिल्लं त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खातात, त्यामुळे विष त्यांच्यापर्यंतही पोचतं. याच ठिपक्यांवर किंवा शेजारी डेल्टामेथ्रिन मारलं की झुरळ तिकडे फिरकतच नाही. एकाच भेटीत, एकाच फटीत दोन्ही लावून त्याने जेल वाया घालवलं होतं. समोर दिसलेलं एकटं झुरळ मारायला स्प्रे ठीक आहे, घरात राहणारी वसाहत संपवायला नाही. आमच्याकडे तर आता स्प्रेची बाटलीही नाही. ठोकायला चप्पल पुरते.

मग मी स्वतः सुरुवात केली. हातमोजे घालून सगळे कोपरे साबणाच्या पाण्याने दोनदा पुसले आणि वाळू दिले. झुरळं नक्की कुठे आहेत हे बघायला चिकट पुठ्ठे आणले आणि रात्री चार ठिकाणी ठेवले, मुलगी किंवा मांजर पोचणार नाही अशा जागी. सकाळी मोजलं: फ्रिजमागे २३, ट्रॉलीत ९, सिंकखाली ६, गॅसजवळ ४. म्हणजे मुख्य घर फ्रिजची मोटर होती, तिथे ऊब असते. कंपनीच्या मुलाने तिथे एकच मोठा ठिपका लावला होता आणि बाकी सगळं जेल ओट्यावर उधळलं होतं.

जेलची सिरिंज तीच, फिप्रोनिलची, दुकानातून आणली. ठिपका मसुराच्या डाळीएवढा, मोठा नाही. मोठा ठिपका वरून वाळतो आणि मग कुणी खात नाही. एका जागी थोडं आणि जागा जास्त, हे सूत्र. फ्रिजच्या मागच्या पत्र्याच्या कडेला सात-आठ ठिपके, ट्रॉलीच्या वरच्या रुळात, बिजागऱ्यांत, सिंकच्या पाइपच्या मागे. जिथे आधी स्प्रे पडला होता तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर ठिपका ठेवला. खालच्या ट्रॉलीत मुलीचा हात पोचतो, तिथे एकही लावला नाही. सिरिंज काम झाल्यावर टोपण लावून कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवली. ठिपक्यात औषध अगदी थोडं असतं, पण अर्धी भरलेली सिरिंज मुलाच्या हाती लागणं वेगळं.

एक राहिलंच. मांजरीच्या खाण्याची वाटी रात्रभर फ्रिजशेजारी भरलेली असायची. झुरळांना तयार जेवण मिळत असताना ती जेलकडे कशाला जातील? आता दहा वाजता वाटी उचलते, ओटा कोरडा करते, कचऱ्याचा डबा झाकते.

दहाव्या दिवशी पुठ्ठ्यांवर एकूण ११ होती. चोविसाव्या दिवशी मात्र १४ झाली आणि माझा धीर खचला. निरखून बघितल्यावर कळलं की त्यांतली बहुतेक तिळाएवढी पिल्लं होती, आधीच्या डब्यांतून निघालेली. अंड्यांना जेल काही करत नाही. त्याच दिवशी वाळलेले ठिपके खरवडून नवे लावले. चाळिसाव्या दिवशी चारही पुठ्ठ्यांवर मिळून एकच झुरळ. फळी काढली, मुलगी पहिल्यांदा स्वयंपाकघरात रांगत आली, आणि मांजर तिच्या मागोमाग.