पात्याला पाणी देण्याआधी

रविवार, रात्री

आज माझ्या पहिल्या तलवारीच्या पात्याला पाणी द्यायचं होतं, म्हणजे लाल तापवून झटकन गार करून कडक करायचं होतं. पण काकांनी सकाळी पात्याला हातच लावू दिला नाही. ज्या नव्या कमानपट्ट्यातून ते घडवलं, त्याचेच उरलेले दोन तुकडे त्यांनी पुढे ठेवले. (भंगारातली कमान ते तलवारीला घेत नाहीत. ट्रकखाली वर्षानुवर्षं वाकून तिच्यात न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असतात.) दोन्ही तुकडे एका बाजूला पातळ केले आणि काठावर कानशीने एकेक आडवी खाच पाडली. मग सारख्याच नारिंगी रंगावर तापवून एक पाण्यात घालायचा होता, दुसरा कोमट तेलात.

पाण्यातला तुकडा चरचरला, उकळी शांत झाली. वाटलं, निभावला. तेवढ्यात बादलीतून ‘टिंग’ असा बारीक आवाज आला. बाहेर काढला तर खाचेपासून केसाएवढी चीर वर चढलेली. तेलातला मात्र अखंड होता.

मला कोडं पडलं ते वेळेचं. लाल लोखंडाला पाणी लागतं त्या क्षणी तडा जायला हवा. हा जवळजवळ गार झाल्यावर गेला.

काका म्हणाले, “गार होताना लोखंड आकसतं, हे तुला माहीत आहे. पाणी चढताना ते फुगतं, हे माहीत नाही.”

लालभडक पोलादात कार्बन विरघळलेला असतो. ते वेगाने गार केलं की कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि सगळी रचना ताणली जाऊन कडक होते. यालाच मार्टेन्साइट म्हणतात. पण आमच्या कमानीच्या पोलादात हा बदल सुरू होतो साधारण ३०० अंशांच्या खाली, म्हणजे लाली केव्हाच गेल्यावर. आणि तो होताना आकारमान तीन-चार टक्के वाढतं. पाण्यात बाहेरचा थर आधी तिथे पोहोचतो, फुगतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. गाभा मागून येतो. तो फुगायला लागतो तेव्हा वरच्या थराला ताण सोसत नाही आणि जिथे खाच किंवा टोकदार कोपरा असेल तिथून तो फाटतो. तेलात हा शेवटचा टप्पा बराच सावकाश होतो, आत-बाहेरचा फरक कमी राहतो. पाण्याने कडकपणा येतो हे खरं, पण या पोलादाला तेलाचा वेग पुरतो. मग जास्तीचा धोका कशाला?

हे कळल्यावर गेल्या आठवड्यातली काकांची कटकट समजली. धारेची बाजू दोन मिलिमीटर जाड ठेवायला लावली होती, कारण पातळ कड क्षणात गार होते आणि जाड पाठ मागे राहते. मूठ बसते तिथला काटकोन गोल करायला लावला होता. घासल्याचे आडवे ओरखडे काढून सगळे लांबीच्या दिशेने केले होते. शिवाय घडाई झाल्यावर तीनदा तापवून हवेत गार करणं, दर वेळी थोड्या कमी तावावर. हातोड्याने आत कोंडलेला ताण त्याने जातो आणि जास्त तापून मोठे झालेले कण बारीक होतात. मोठ्या कणांचं पोलाद लवकर तडकतं.

दुपारी पातं भट्टीत गेलं. मी ते पुढे-मागे सरकवत होते, म्हणजे टोक जळू नये. तारेला बांधलेलं लोहचुंबक चिकटेना, तिथून आणखी थोडा ताव दिला. ७७० अंशांच्या आसपास चुंबक सुटतं, पण आम्हाला ८५० च्या जवळ हवं होतं. ते रंगावरून ओळखायचं, म्हणून शटर अर्धं ओढून अंधार केला होता. तेल सोयाबीनचं, उभ्या पाइपात, ६० अंशांपर्यंत गरम केलेलं. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती फिरत नाही. झाकण काकांच्या हातात तयार होतं.

टोक खाली धरून सरळ आत सोडलं. ज्वाळा उठली आणि इंदुरात सराफ्याच्या खाऊगल्लीतच उभी आहे असा तळणीचा वास सुटला. पातं फक्त वर-खाली हलवायचं. आडवं हलवलं तर एक बाजू आधी गार होऊन ते वाकतं. सगळं लक्ष कानात होतं. ‘टिंग’ आला नाही.

बाहेर काढलं तेव्हा पातं अजून चांगलंच गरम होतं, टोकाजवळ किंचित डावीकडे गेलेलं. काकांनी जाड हातमोजे घालून दोन फळ्यांमध्ये दाबून सरळ केलं. पूर्ण कडक होण्याआधी मिळते ती संधी जेमतेम मिनिटभराची. पुरतं गार झाल्यावर कानस फिरवली, ती न लागता घसरली.

मी चहाला निघाले तर काका ओरडले, “आधी ओव्हन!” आतला ताण तसाच असतो. पातं रात्रभर ओट्यावर राहिलं तर पहाटेही तडकू शकतं. म्हणून लगेच २०० अंशांवर दोन तास ठेवलं. उद्या घासून पांढरं करायचं आणि निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवायचं, म्हणजे थोडा कडकपणा उतरून लवचीकपणा येईल. त्याआधी रॉकेल चोळून, पुसून, खडूची पूड लावायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटवतं. मुठीजवळ मला एक काळी रेघ दिसते आहे. काकांच्या मते ती भट्टीत पात्यावर चढलेल्या खवल्याची खूण आहे.