ठिबकचे लीड, स्कोअर आणि आप्पांचा फोन

जळगावला ठिबकच्या एका कंपनीत मी मार्केटिंग बघतो. चौकशी करणारा प्रत्येक माणूस म्हणजे आमचा लीड, तो काय काय बघतो त्यावर त्याला मार्क मिळतात आणि ठरलेली लाइन ओलांडली की तो हॉट लीड म्हणून सेल्सकडे जातो. मागच्या कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीच्या सीझनला सेल्सच्या आप्पांचा फोन आला, "भाऊ, ते हॉट लीड पाठवणं बंद करा आता, दहातले सात कॉलेजची पोरं निघतात." वाईट वाटलं, पण खरं होतं.

त्या लीडची हिस्ट्री उघडून बसलो. आम्ही ईमेल उघडला की 5 मार्क द्यायचो, पण 2021 पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये प्रायव्हसी चालू असली की माणसाने न वाचताही मेल उघडलेला दिसतो. पीडीएफला 20 होते, म्हणजे प्रोजेक्टसाठी तीन पीडीएफ घेतलेला पोरगा थेट 60 वर, आणि आमची सेल्सची लाइनच 60.

मग स्कोअरचे दोन भाग केले. माणूस कोण आहे, म्हणजे पीक, एकर, पाण्याची सोय, हे वेगळं, आणि तो काय करतोय हे वेगळं. दोन्ही जुळल्याशिवाय सेल्सकडे जायचं नाही. मेल उघडण्याला शून्य. 30 दिवस हालचाल नाही तर मार्क निम्मे, कारण मृगबागेला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीला, जमवलेले मार्क दिवाळीत काय कामाचे!

रावेरकडच्या एका शेतकरीदादांचं सांगतो, 4 एकर केळी. रविवारी खर्चाचा कॅल्क्युलेटर भरला, 25 मार्क. तासाभरात त्यांच्याच एकरांचा अंदाज व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, तीन दिवसांनी अनुदानाच्या कागदपत्रांची यादी जाणार होती, पण मंगळवारीच ते दुसऱ्यांदा रेटच्या पानावर आले, अजून 20 मिळाले, नवी लाइन 40 ची होती ती ओलांडली आणि लगेच रावेर तालुक्याच्या सेल्सवाल्याला टास्क पडला. त्यात पीक, एकर, काय काय बघितलं, कोणता आकडा दाखवला सगळं, म्हणजे फोनवर पहिल्यापासून विचारायला नको. 24 तासांत फोन झाला नाही तर टास्क आप्पांकडे.

इथे एक घोळ झाला. कोटेशन मिळाल्यावरही शनिवारी दादांना "ठिबक म्हणजे काय" हा मेसेज गेला. हे मेसेज आपोआप पाठवणारा वर्कफ्लो लीडला बाहेर काढायची अट फक्त आत घेताना तपासत होता, तीन-तीन दिवस थांबल्यावर पुन्हा बघतच नव्हता. दादांना मी स्वतः फोन करून सॉरी म्हटलं. आता प्रत्येक थांब्यानंतर, मेसेज जायच्या आधी, लीड सेल्सच्या नावावर आहे का ते बघतो, असेल तर बाहेर. स्वतःचा नंबर टाकून पूर्ण आठवडा चालवून पाहिलं, तेव्हा कुठे चालू केलं.

लीड परत पाठवायचा तर आप्पांच्या टीमला कारण निवडावंच लागतं. सगळ्यात जास्त येतं "पुढच्या सीझनला". त्यांना आता दर आठवड्याला मेसेज नाही, लागवडीचा महिना विचारून ठेवतो आणि मृगबागवाल्यांना मेच्या सुरुवातीला परत आत घेतो.