तासाला ४०४ रुपये पगार, असं मला वाटत होतं

हा हिशोब खरं तर दहा मिनिटांचा आहे. मला सात आठवडे लागले, कारण मी ऑफिसात रोज किती वाजेपर्यंत असतो हे मलाच ऑफिसकडून कळेना. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सीटीसी ९ लाख. ऑफर लेटरमध्ये साडेनऊ ते साडेसहा, मध्ये तासभर जेवण, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे कामाचे आठ तास. सुट्ट्या आणि रजा धरून महिन्याला सरासरी २० दिवस पकडले तर १६० तास. आमच्यातले बरेचजण इथेच चुकतात, ९ लाख भागिले १२ करतात, ७५,००० आले, त्याला १६० ने भागलं की ४६९ रुपये तास, आणि खूश. पण त्या ९ लाखांत ९० हजार व्हेरिएबल आहे, ग्रॅच्युइटी आहे, इन्शुरन्सचा प्रीमियम आहे, त्यातलं दर महिन्याला काहीच हातात येत नाही. माझ्या खात्यात येतात ६१,०००. पीएफ मात्र आपलाच पैसा, तो वजा झाला म्हणून सोडायचा नाही, माझे १,८०० आणि कंपनीचे १,८०० असे परत जोडले, झाले ६४,६००. भागिले १६०, म्हणजे ४०४. हा झाला कागदावरचा दर.

आता खरे तास पाहिजेत. मला वाटलं अटेंडन्स अ‍ॅपमध्ये सगळं असणार, कार्ड पंच केल्याशिवाय आत सोडत नाहीत. अ‍ॅप उघडलं तर प्रत्येक दिवसासमोर फक्त 'पी'. त्यावर टॅप केलं की तास ९:००. सगळ्या दिवशी ९:००. ३१ मार्चलाही आउट टाइम १८:३०! त्या दिवशी रात्री अकराला मी पँट्रीत उभं राहून थंड वडापाव खात होतो, हे मला पक्कं आठवतंय कारण चटणी शर्टावर सांडली होती.

एचआरला मेल केला की मला माझेच फेब्रुवारी ते एप्रिलचे पंच पाहिजेत. चार दिवसांनी उत्तर आलं, तिकीट टाका. टाकलं. तिकिटात 'कारण' हा रकाना कंपल्सरी, मी लिहिलं 'वैयक्तिक नोंदीसाठी', ते कारण अपुरं म्हणून तिकीट बंद. दुसरं टाकलं. मग एचआरच्या मॅडमनी फोन केला, एकदम गोड आवाजात, "सर, कशाला पाहिजे तुम्हाला? काही इश्यू आहे का?" म्हटलं इश्यू नाही, हिशोब आहे. त्या म्हणाल्या की सिस्टिम नऊ तास पूर्ण झाले की पुढचं दाखवतच नाही, पेरोलला तेवढंच लागतं, कच्चा डेटा अ‍ॅडमिनकडे. अ‍ॅडमिन म्हणाले गेटचं मशीन व्हेंडरचं, त्यांच्याकडून काढायला एचआरचं अप्रूव्हल लागेल. म्हणजे परत मॅडम. मॅडम तोवर रजेवर. तिसरं तिकीट.

याच काळात मी ओव्हरटाइमचंही विचारून बघितलं. महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, त्यात जादा तासांना दुप्पट दर आहे. पण व्यवस्थापकीय, पर्यवेक्षी किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही, आणि मी असिस्टंट मॅनेजर. हाताखाली एकही माणूस नाही, पण कार्डावर मॅनेजर आहे ना. अशा वादात नुसतं पदनाम बघत नाहीत, माणूस प्रत्यक्ष काय काम करतो ते बघतात, पण त्यासाठी भांडायला जावं लागतं आणि माझा होम लोन चालू आहे, म्हणून ते तिथेच सोडलं.

सुटका केली गेटवरच्या वॉचमन काकांनी. रात्री नऊनंतर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ ते एका लांबड्या रजिस्टरमध्ये बॉलपेनने लिहितात, हे मी रोज बघत होतो आणि डोक्यात आलं नव्हतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, फोटो काढू नका, बसून लिहून घ्या हवं तर." दोन संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून स्वतःच्या गाडीचा नंबर शोधला. तेरा आठवड्यांत २७ वेळा नऊच्या पुढे. ३१ मार्चसमोर ११:५०.

नऊच्या आत निघालो ते दिवस सेंट मेलवरून काढले, दिवसाचा शेवटचा मेल किती वाजताचा ते बघायचं. हे तितकं पक्कं नाही, क्लोजिंगला तासन्‌तास टॅलीत जातात आणि मेल एकही नसतो, त्यामुळे तास कमीच भरतात, जास्त नाही. आणि एक, नुसता मार्च घेऊ नका, कोणाचाही मार्च घेतला तर दर रडकाच येणार. मी म्हणूनच आजूबाजूचे दोन महिने घेतले.

निघालं ते असं. सरासरी निघायची वेळ आठ चाळीस. जेवण चाळीस मिनिटं, कारण तासभर कोण बसू देतंय. रोजचे साडेदहा तास, २० दिवसांचे २१०. महिन्यातले दोन शनिवार पाच-पाच तास, आणि घरी आल्यावरचे कॉल महिन्याला १५ तास. एकूण २३५. ६४,६०० भागिले २३५, म्हणजे २७५ रुपये. बायकोला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "अरे, मग मधले सव्वाशे कोण खातं?" कोणी खात नाही, तेच तर. पहिल्या १६० तासांचे ४०४ च मिळतात, पुढच्या ७५ तासांचे शून्य. २७५ ही नुसती सरासरी आहे.

येण्याजाण्याचे रोज दोन तास मी यात धरलेले नाहीत. ते वेगळे मांडा, नाहीतर ऑफिसात कोणी म्हणेल घर लांब घेतलं ती तुझी चूक. मी बाजूला मांडले: शनिवार धरून २२ दिवसांचे ४४ तास, पेट्रोल आणि उशिरा थांबल्यावर मागवलेलं खाणं मिळून ५,६००. ५९,००० भागिले २७९, दर २११.

व्हेरिएबल मी कुठेच धरलं नाही, ज्या दिवशी खात्यात पडेल त्या दिवशी बाराने भागून जोडायचं.

जूनमध्ये अप्रेझल होतं. आठ टक्के मिळाले. सवय लागलेलीच होती, लगेच मोबाइलवर भागलं. हातात येणारं सगळं आठ टक्क्यांनी वाढलं असं धरलं तरी तास तेच राहिले तर २७५ चे २९७ होतात. आणि पगार आहे तोच ठेवून रोज फक्त एक तास लवकर निघालो, म्हणजे आठ चाळीसऐवजी सात चाळीसला, तर २१५ तास होतात आणि दर ३००. हे बॉसला सांगितलं नाही. पण सात चाळीसचा अलार्म लावलाय, आठवड्यातून तीनदा तरी जमतं. पहिल्याच दिवशी गेटवर काकांनी रजिस्टर उघडलं, घड्याळाकडे बघितलं आणि परत मिटलं.

तिसऱ्या तिकिटाचं स्टेटस आज सकाळी बघितलं. 'पेंडिंग विथ अ‍ॅडमिन'.